एकवीस टक्के आले म्हणजे नेमकं काय आलं? सिमिलॅरिटी रिपोर्ट खालून वर वाचायचा असतो

पीएच.डी.च्या तयारीत असलेल्या मित्रांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "किती टक्क्यांपर्यंत चालतं?" माझ्या मते प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. गाईडला टक्क्यांशी फारसं देणंघेणं नसतं. कुठला रंगवलेला मजकूर कुठल्या प्रकरणात आहे, हे ते पाहतात. आणि रिपोर्टची मांडणी अशी आहे की जे सगळ्यात महत्त्वाचं ते सहसा सगळ्यात खाली जातं. आजचा लेख या मांडणीवरच्या टीकेचा आहे.

आधी नियम काय सांगतो ते बघू. यूजीसीचे प्लॅगरिझमविषयीचे नियम 2018 चे आहेत. प्रबंधासाठी त्यात चार पातळ्या आहेत. 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. 10 ते 40 च्या मध्ये असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, दुरुस्त करून पुन्हा द्यायचं. 40 ते 60 असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही. 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून प्रमाणपत्र मिळतं त्यावर हाच आकडा असतो, म्हणून सगळे 10 च्या मागे पळतात.

पण त्याच नियमांत आणखी दोन गोष्टी लिहिल्या आहेत आणि त्या फार कमी जण वाचतात. एक, साम्य मोजताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, कायदे, ठरलेली चिन्हं आणि समीकरणं वगळायची आहेत. दोन, सारांश, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष आणि शिफारशी यांत साम्य असूच नये. फक्त सर्वसामान्य माहिती किंवा योगायोगाने जुळलेले शब्द, तेही सलग 14 शब्दांपर्यंत, सोडून द्यायचे. म्हणजे एकीकडे शिक्षा टक्क्यांवर ठरते आणि दुसरीकडे नियम स्वतःच सांगतो की जागा महत्त्वाची. आकडा प्रमाणपत्रावर छापता येतो, जागा छापता येत नाही. त्यामुळे व्यवहारात आकडा जिंकतो.

आता एक नमुना घेऊ. हा रिपोर्ट मी समजावण्यासाठी तयार केलेला आहे, पण असे रिपोर्ट कुठल्याही विभागात सापडतील. समजा कोरीटसारख्या गावातून आलेला एक विद्यार्थी सातपुड्यातल्या मोहाच्या पानांच्या अर्कावर काम करतोय. अर्कात अँटिऑक्सिडंट गुण किती, हे डीपीपीएच चाचणीने पाहिलं आहे. मजकूर 9000 शब्दांचा आहे आणि साम्य 21 टक्के, म्हणजे 1890 शब्द रंगलेले. ते असे वाटले गेलेत: संदर्भसूची 720, कार्यपद्धती 540, अभ्यासक्षेत्राचं वर्णन 270, स्वतःचाच आधी छापलेला पेपर 90, आणि बारीकसारीक तुकडे 270.

पहिलं काम सोपं आहे. संदर्भसूची वगळायचं बटण दाबायचं. तुम्ही आणि दुसऱ्या कोणी एकच पेपर वाचला असेल तर त्याची नोंद सारखीच असणार, त्यात चोरी कसली? छेद तोच धरला तर 21 चे 13 झाले. एक लक्षात ठेवा: सॉफ्टवेअर सूची तिच्या शीर्षकावरून ओळखतं. शीर्षक भलतंच दिलं असेल तर सूची वगळली जात नाही आणि आकडा फुगलेला राहतो.

दुसरं काम धोक्याचं आहे. "लहान जुळण्या वगळा" असा पर्याय असतो. त्यात 14 शब्द टाकले की त्यापेक्षा छोटे सगळे तुकडे गायब होतात. आपल्या नमुन्यात 270 शब्द गेले, 13 चे 10 झाले. झालं, पास! बहुतेक जण इथे रिपोर्ट बंद करून पेढे आणायला जातात.

थांबा. ते 270 शब्द काय होते ते बघितलं का?

फिल्टर काढा आणि तुकडे एकेक करून वाचा. त्यातले 180 शब्द खरंच किरकोळ आहेत. "निकाल तक्ता क्रमांक तीनमध्ये दिले आहेत" छापाची वाक्यं, संस्थांची नावं, उपकरणांची नावं. प्रत्येक तुकडा वेगळ्या स्रोताशी जुळतो आणि प्रकरणभर विखुरलेला आहे. असा विखुरलेला रंग म्हणजे भाषेची सवय आहे, ते सोडून द्या.

उरलेले 90 शब्द मात्र चर्चेच्या प्रकरणात, एकाच परिच्छेदात आहेत. नऊ शब्द जुळले, दोन बदलले, पुन्हा अकरा जुळले, एक बदलला, पुन्हा दहा. सगळे तुकडे एकाच पेपरशी जुळतात, आणि तेही त्याच क्रमाने. एकही तुकडा 14 शब्दांचा नाही, म्हणून फिल्टरने सगळे झाकले. दुसऱ्याचा परिच्छेद समोर ठेवून मधले शब्द बदलले की हीच नक्षी उमटते. गाईडला बघायचं असतं ते हेच, आणि रिपोर्टमध्ये ते एका टक्क्याच्या ओळीत, यादीच्या तळाशी पडलेलं असतं. स्रोतांची यादी मोठ्याकडून लहानाकडे लावलेली असते. यंत्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे, वाचणाऱ्याच्या दृष्टीने उलटं.

हा एक टक्का इतका का लागतो? परिच्छेदाचा आशय असा आहे, की अर्कात फिनॉलिक घटक जास्त असल्यामुळे त्याची फ्री रॅडिकल शोषायची क्षमता वाढलेली दिसते. मूळ पेपरवाल्यांनी फिनॉलिक घटकांचं प्रमाण मोजलं होतं, म्हणून ते हे म्हणू शकतात. आपल्या विद्यार्थ्याने फक्त डीपीपीएच केली आहे. गाईड एकच प्रश्न विचारतील: "फिनॉलचा तक्ता कुठे आहे?" तक्ता नाही. म्हणजे वाक्याबरोबर दुसऱ्याचा निष्कर्षही उचलला गेला आणि आपल्या प्रबंधात बिनपुराव्याचा उभा राहिला. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक इथेच बोट ठेवतात. टक्केवारी तेव्हा काहीही मदत करत नाही.

कार्यपद्धतीच्या 540 शब्दांचं काय? ते सगळ्यात जास्त घाबरवतात आणि सगळ्यात कमी लागतात. 517 नॅनोमीटरला शोषण मोजलं, हे वाक्य किती वेगळ्या प्रकारे लिहिणार? सूत्रही सगळ्यांचं सारखंच:

```
% inhibition = ((A0 - A1) / A0) × 100
```

इथे A0 म्हणजे नमुना न घातलेल्या द्रावणाचं शोषण आणि A1 म्हणजे नमुना घातल्यावरचं. डीपीपीएचची पद्धत ब्लॉइस यांच्या 1958 च्या लेखापासून चालत आली आहे. मूळ पद्धतीचा उल्लेख केला की श्रेयाचा प्रश्न मिटतो. तरी गाईड हे शब्द वाचतात, वेगळ्या कारणासाठी. उचललेल्या पद्धतीत "अंधारात 30 मिनिटं ठेवलं" असं आहे आणि तुमच्या लॅबच्या वहीत 20 मिनिटं आहेत, असं झालं तर? ती चूक शब्दांच्या साम्यापेक्षा मोठी आहे, कारण तुम्ही न केलेला प्रयोग लिहिलात. म्हणून रंगलेली कार्यपद्धती वहीशी ताडून बघा: प्रमाण, वेळ, तापमान. जुळलं तर रंग राहू द्या.

अभ्यासक्षेत्राचंही तसंच. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला, तालुके सहा, उत्तरेला सातपुडा आणि नर्मदा. हे आपल्याकडच्या ज्या प्रबंधात जिल्हा येतो त्यात असणारच. ही सर्वसामान्य माहिती आहे. फक्त गॅझेटियर किंवा जनगणनेचा संदर्भ द्या आणि जुन्या प्रबंधातून उचललेला मजकूर असेल तर त्यातले आकडे तपासा. 2001 ची लोकसंख्या "सध्याची" म्हणून आली, तर कुठून उचललंय ते सॉफ्टवेअरशिवायही कळतं.

स्वतःच्या पेपरचे 90 शब्द म्हणजे चोरी नव्हे, पण गप्पही बसायचं नाही. हा भाग अमुक पेपरमध्ये आधी प्रसिद्ध झालाय, असं प्रकरणाच्या सुरुवातीला लिहा आणि रिपोर्ट देताना तो स्रोत गाईडना दाखवा. मसुदा तपासायला टाकताना तो साठवून ठेवायचा पर्याय बंद आहे ना, हेही बघा. नाहीतर पुढच्या खेपेला तुमचाच मजकूर तुमच्याच जुन्या मसुद्याशी जुळतो आणि आकडा आकाशाला टेकतो.

आता दुरुस्ती. इथे सगळ्यात वाईट सल्ला सगळ्यात जास्त मिळतो: शब्द बदला. 2021 मध्ये गीयोम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह या संशोधकांनी छापील शोधनिबंधांत अशी पिळवटलेली शब्दरूपं शोधून काढली. यंत्राने समानार्थी शब्द घालून "ब्रेस्ट कॅन्सर"चं "बझम पेरिल" केलं होतं, "आर्टिफिशियल इंटेलिजन्स"चं "काउंटरफिट कॉन्शसनेस". साम्य उतरलं आणि विज्ञानही गेलं. डीपीपीएचच्या परिच्छेदात असं केलं तर आकडा 20 वर येईलही, पण फिनॉलचा तक्ता काही उगवणार नाही.

खरी दुरुस्ती अशी: मूळ पेपर बंद करा. स्वतःचा तक्ता उघडा. तुमच्या आकड्यांवरून जे म्हणता येतं तेवढंच लिहा. "अर्काचं प्रमाण वाढवलं तसं शोषण कमी झालं" एवढंच दिसत असेल तर एवढंच. मग पेपर पुन्हा उघडून लिहा, की अमुक यांनी असाच कल पाहिला आणि त्याचं कारण फिनॉलिक घटक असावेत असं सुचवलं. प्रस्तुत अभ्यासात ते मोजलेले नाहीत. परिच्छेद छोटा होतो, पण परीक्षेत त्याच्यामागे उभं राहता येतं.

एक उलटी बाजूही सांगतो. कमी आकडा म्हणजे स्वच्छ प्रबंध नव्हे. दुसऱ्याचा आलेख किंवा फोटो उचलला तर शब्द जुळवणाऱ्या यंत्राला तो दिसत नाही. इंग्रजीतून मराठीत उतरवलेला परिच्छेद सहसा निसटतो. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी प्रबंध तर यंत्राला निरर्थक अक्षरांसारखा दिसतो, मग 2 टक्के आले तर त्यात अभिमान कसला?

म्हणून गाईडकडे नुसता पहिल्या पानावरचा आकडा घेऊन जाऊ नका. सोबत अर्ध्या पानाचं टिपण न्या: कुठले फिल्टर लावले, फिल्टरशिवाय किती आले, आणि चर्चा व निष्कर्षातली प्रत्येक रंगलेली ओळ कुठून आली, तिचं काय केलं. सर किंवा मॅडम रिपोर्ट उघडून तसंही तिथेच जाणार असतात. त्यांच्या आधी तुम्ही तिथे जाऊन या.