हातचा न राखता

फिबोनाचीच्या मालिकेतलं ९३ वं पद १२२००१६०४१५१२१८७६७३८ आहे. C मधल्या ६४ बिटांच्या `unsigned long long` मध्ये ते मावतं, कारण त्या डब्यात १८४४६७४४०७३७०९५५१६१५ पर्यंतची संख्या बसते. पुढचं पद मात्र बसत नाही. प्रोग्रॅम थांबत नाही, कुरकुरतही नाही. ९४ वं पद म्हणून तो १२९३५३०१४६१५८६७१५५१ छापतो आणि मोकळा होतो. वाढत जाणाऱ्या मालिकेत पुढचं पद मागच्यापेक्षा लहान निघालं, एवढीच काय ती चुकीची खूण. खरं उत्तर १९७४०२७४२१९८६८२२३१६७ आहे. (मात्रावृत्तांची मोजदाद करताना हीच मालिका आपल्याकडे हेमचंद्राने बाराव्या शतकात मांडली होती. त्याला डब्याची अडचण नव्हती.)

डबा पुरत नसेल तर अंक सुटे करायचे, प्रत्येकाला एक खण द्यायचा आणि पाटीवर करायचो तशी बेरीज करायची. C मध्ये हे अनेक तऱ्हांनी लिहिलेलं मी वाचलं आहे. त्यातली मला सर्वांत आवडणारी घडण ही:

```c
int jod(const unsigned char *a, int na,
        const unsigned char *b, int nb,
        unsigned char *s)
{
    int i, h = 0;
    for (i = 0; i < na || i < nb || h; i++) {
        int t = h;
        if (i < na) t += a[i];
        if (i < nb) t += b[i];
        s[i] = t % 10;
        h = t / 10;
    }
    return i;
}
```

`a` आणि `b` या दोन संख्या, `na` आणि `nb` त्यांच्या अंकांची संख्या, `s` मध्ये उत्तर आणि `h` म्हणजे हातचा.

पहिली गंमत कोडमध्ये दिसतच नाही, ती अंकांच्या मांडणीत आहे. `a[0]` मध्ये एकक, `a[1]` मध्ये दशक, `a[2]` मध्ये शतक. कागदावर आपण संख्या डावीकडून, मोठ्या स्थानापासून लिहितो, म्हणून नवख्याला ही मांडणी उलटी वाटते. पण शाळेत घोकलेलं आठवा: एकं, दहं, शतं. तोंडी परंपरेत आपण एककापासूनच सुरुवात करतो, आणि अ‍ॅरे त्या घोकंपट्टीशी इमान राखतो. खणाचा क्रमांक हाच दहाचा घात होतो. दोन संख्यांची लांबी वेगळी असली तरी एककाखाली एकक आपोआप येतो. बेरजेत एक अंक वाढला तर तो शेवटच्या मोकळ्या खणात जातो, बाकीच्यांना सरकावं लागत नाही. सुलट मांडणीत ९९९ मध्ये १ मिळवला की पुढे जागा करण्यासाठी सगळी रांग एकेक खण हलवावी लागते.

आता लूपची अट वाचा. पहिली संख्या संपलेली नाही, किंवा दुसरी संपलेली नाही, किंवा हातात काही आहे, तोवर चालायचं. रूढ पद्धतीत याचे तीन तुकडे करतात: दोन्ही संख्या आहेत तोवर एक लूप, लांब संख्येच्या उरलेल्या अंकांसाठी दुसरं आणि सरतेशेवटी उरलेल्या हातच्यासाठी वेगळा `if`. तिसरा तुकडा हमखास विसरला जातो आणि ९९९ अधिक १ चं उत्तर ००० येतं. इथे तो विसरताच येत नाही, कारण अटीतल्या `|| h` ने हातच्याला तिसऱ्या संख्येचा मान दिला आहे. दोन्ही संख्या संपल्या, हातात एक आहे, म्हणून लूप आणखी एक फेरा मारतं: `t` म्हणजे १, खणात १, हातचा शून्य, काम संपलं. मराठीत हातचा राखून बोलणारा माणूस धूर्त समजला जातो, आणि हे लूप तसं नाही. वेगाचा काटेकोर हिशेब ठेवणारा म्हणेल की प्रत्येक फेऱ्यात दोन `if` तपासणं ही उधळपट्टी आहे. त्याचं खरं आहे. तरीही वाचायला मी हेच घेईन.

आपलीच बेरीज यातून नेऊन पाहू. ९२ वं पद ७५४०११३८०४७४६३४६४२९, म्हणजे १९ अंक, आणि ९३ व्याचे २० अंक. नऊ आणि आठ सतरा: खणात ७, हातचा १. दोन, तीन आणि हातचा मिळून सहा, हातचा शून्य. चार आणि सात अकरा. सहा, सहा आणि एक तेरा. मधल्या खणांत काय होतं ते तुम्ही पेन्सिल घेऊन पाहा. मी थेट क्रमांक १८ च्या खणावर जातो: सात आणि दोन नऊ, मागून हातचा आलेला नाही, म्हणून नऊच. क्रमांक १९ वर पहिली संख्या संपलेली आहे. तिचा `if` गप्प बसतो, दुसरीचा १ तसाच उतरतो आणि फंक्शन २० परत देतं. शेवटी `i` जिथे थांबला तीच उत्तराची लांबी, ती वेगळी मोजावी लागत नाही.

आणखी एक नजाकत सहज नजरेआड होते. `a[i]` वाचून झाल्यावरच `s[i]` मध्ये लिहिलं जातं. त्यामुळे उत्तर `a` च्याच जागी साठवलं तरी काही बिघडत नाही, फक्त `a` मध्ये लांब संख्येपेक्षा एक जादा खण हवा. म्हणूनच फिबोनाचीचं हजारावं पद, जे २०९ अंकी आहे, दोनच अ‍ॅरे आलटून पालटून वापरून काढता येतं.

एका खणातली बेरीज जास्तीत जास्त किती? नऊ, नऊ आणि हातचा एक, एकोणीस. म्हणून दहाने भागल्यावर भागाकार शून्य किंवा एकच येतो. हातचा कधी दोन होत नाही. एकदा मी कीबोर्डवरून आलेली अक्षरं तशीच अ‍ॅरेत टाकली, त्यातून `'0'` वजा करायचा राहिला. ७ अधिक ५ चं उत्तर १०८ आलं. बराच वेळ मी लूपलाच दोष देत होतो. लूप निर्दोष होतं: `'7'` चा आस्की अंक ५५, `'5'` चा ५३, आणि त्यांची बेरीज १०८ हीच. पण त्यासाठी हातच्यात १० आले होते, आणि दोन खणांची जागा दिलेल्या `s` मध्ये तीन खण लिहिले गेले होते, म्हणजे शेजारच्याच्या हद्दीत पाऊल. तेव्हापासून मी लूपच्या आत, प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी `assert(h <= 1)` लिहितो. हातचा एकापेक्षा मोठा दिसला की बेरजेत खोट शोधू नये, आत आलेले अंकच अंक नाहीत असं समजावं.

आता नऊकडे येतो, कारण या सगळ्या रचनेचा कस तिथे लागतो. दोन खणांची बेरीज आठ किंवा कमी असेल तर मागून आलेला हातचा तिथे जिरतो. दहा किंवा जास्त असेल तर मागून काही येवो न येवो, पुढे हातचा जातोच. बेरीज बरोबर नऊ असेल तरच हा खण मागच्यावर अवलंबून असतो. आला तर शून्य होऊन हातचा पुढे ढकलायचा, नाही आला तर नऊ म्हणून बसायचं. पास्कालने १६४२ मध्ये बेरजेचं यंत्र करायला घेतलं तेव्हा त्याला हीच अडचण होती: ओळीने नवांची चाकं असली तर एका चाकाने पुढची सगळी ढकलायला जोर कुठून आणायचा? त्याने प्रत्येक चाकाला स्वतंत्र पडणारं वजन दिलं. लूपमध्ये जोराचा प्रश्न नाही, हातचा एका वेळी एकच पाऊल टाकतो.

अंकांच्या शंभर जोड्यांपैकी नऊ बेरजेच्या जोड्या दहा. म्हणजे यादृच्छिक संख्या घेऊन चाचणी केली तरी बेरीज नऊ येण्याचा प्रसंग दहात एकदा येतो, आणि चूक असेल तर सापडते. पण खरं काम करणारे एका खणात एकच अंक ठेवत नाहीत, ती फार चैन होते. ३२ बिटांच्या खणात नऊ अंक ठेवतात, म्हणजे पाया १० ऐवजी १०००००००००. सगळ्यांत मोठी बेरीज १९९९९९९९९९, आणि साध्या `int` ची मर्यादा २१४७४८३६४७. असा नेमका बसणारा अंगरखा क्वचितच मिळतो. (छापताना सगळ्यांत मोठ्या स्थानाचा खण सोडून बाकीचे `%09d` ने छापायचे. नाहीतर १००००००००१ ही संख्या ११ अशी छापून येते.) मात्र आता ‘नऊ’ म्हणजे ९९९९९९९९९, आणि यादृच्छिक चाचणीत ती बेरीज नेमकी येण्याची शक्यता अब्जात एक.

पाया २ चा ६४ वा घात घेतला तर संपूर्ण यंत्रशब्दच खण होतो. तिथे भागाकार नको, पण हातचा दिसेनासा होतो. तो प्रोसेसरला कळतो, x86 मध्ये त्यासाठी `ADC` ही खास आज्ञाही आहे, पण C च्या `+` मध्ये त्याला जागा नाही. म्हणून लोक तुलनेने ओळखतात: `unsigned` बेरीज गुंडाळून मागे आली तर ती मूळ संख्येपेक्षा लहान दिसते. (`signed` मध्ये ही युक्ती करू नये. तिथे मर्यादा ओलांडणंच C ला अमान्य आहे, आणि कंपायलर ती तपासणी खोडूनही टाकू शकतो.) त्यावरून लिहिलेल्या या दोन ओळी:

```c
s = a[i] + b[i] + h;
h = s < a[i];
```

दिसायला देखण्या आहेत, आणि चुकीच्या आहेत. `a[i]` मध्ये ५ असू द्या, `b[i]` मध्ये सगळे बिट १, आणि हातचा १. बेरीज पूर्ण वळसा घालून पुन्हा ५ वर येते. पाच पाचापेक्षा लहान नाही, म्हणून हातचा शून्य ठरतो आणि एक हरवतो. पाटीवर पाच, नऊ आणि हातचा एक मिळून पंधरा करून, पाच मांडून हातचा विसरण्यासारखंच हे. ही एकच परिस्थिती सोडली तर त्या ओळी बरोबर चालतात. यादृच्छिक `b[i]` मध्ये सगळे बिट १ असण्याची शक्यता २ च्या ६४ व्या घातात एक आहे, तेव्हा कितीही रात्री चाचणी चालवली तरी ही चूक सापडायची नाही. GMP या मोठ्या संख्यांच्या लायब्ररीत `mpz_rrandomb` नावाचं वेगळं फंक्शन ठेवलं आहे ते अशांसाठीच. एकांच्या आणि शून्यांच्या लांबलचक रांगा असलेल्या संख्या ते मुद्दाम तयार करतं.

बरोबर रूपात तुलना दोनदा करावी लागते:

```c
s    = a[i] + b[i];
h1   = s < a[i];
r[i] = s + h;
h    = h1 | (r[i] < s);
```

दोन्ही तुलना एकाच वेळी खऱ्या ठरून हातचा दोन झाला तर? होत नाही. पहिली बेरीज गुंडाळली गेली असेल तर खणात उरलेली संख्या कमाल मर्यादेपेक्षा निदान एकाने कमी असते, आणि तिच्यात एक मिळवला तरी ती पुन्हा गुंडाळली जात नाही. नऊ नि नऊ अठरा, खणात आठ. वर हातचा एक, नऊ.