भेगा अक्षराच्या की कापडाच्या?

‘एसआरनेट’ (२०१९) ही फोटोतला मजकूर बदलण्याची पद्धत. तिचा पेपर वाचताना आधी कामाची वाटणी नीट बघा. एक भाग जुन्या वळणात नवी अक्षरं घडवतो, दुसरा जुनी पुसून मागची जागा भरतो, तिसरा दोन्ही जुळवतो. दुकानाच्या पाटीला हे चालून जातं. पण जुन्या टी-शर्टवरच्या तडकलेल्या शाईच्या भेगा यातल्या कोणाच्या वाट्याला? दिसतात अक्षरात, पण पडतात जिथे कापड ताणतं-दुमडतं तिथे. माझा आक्षेप इथेच आहे.

समजा, रोमन लिपीतलं ‘गोवा’ काढून ‘बाबा’ टाकायचंय. सुरकुतीची सावली कोऱ्या कापडावरही दिसते, त्यामुळे ती सापडते. भेग मात्र शाई होती तिथेच दिसते. नवं अक्षर कोऱ्या जागेवर आलं, तर शेजारची भेग घडीच्या दिशेने लांबवावी लागते. आता दोन्ही ‘बी’ झूम करून बघा. दोन्हीत त्याच जागी तीच भेग दिसली, तर ती अक्षराची शैली समजून छापली गेलीये. पीएसएनआरचे आकडे हे पकडत नाहीत. ते मोजायला ‘बरोबर’ चित्र लागतं, म्हणून कृत्रिम जोड्या वापरतात. खऱ्या टी-शर्टची अशी जोडी कुठून आणणार?