पचनाच्या तक्त्यात ‘लहान आतडे’ म्हणजे नेमकं कुठे?

पचनसंस्थेची वर्कशीट आपण सगळ्यांनी कधी ना कधी भरलेली आहे. चार रकाने असतात: पाचकरस, एन्झाइम, कार्यस्थान आणि तयार होणारे पदार्थ. शाळेत भरलेला हाच तक्ता पुढे सेट-नेट आणि पेटच्या नोट्समध्ये थोडा लांब होऊन परत येतो. त्यातली बरीचशी माहिती बरोबर आहे. जठरात पेप्सिन काम करतं, स्वादुपिंडातून लायपेज येतं, यात वाद नाही. माझा आक्षेप आहे तो ‘कार्यस्थान’ या एकाच रकान्यावर. संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला हा रकाना चुकीच्या नमुन्याकडे घेऊन जातो.

तक्त्याचा खालचा भाग आठवा. पाचकरस: आंत्ररस. एन्झाइम: माल्टेज, सुक्रेज, लॅक्टेज. कार्यस्थान: लहान आतडे. हे वाचून डोळ्यांसमोर काय येतं? आतड्याच्या पोकळीत एक रस झिरपतोय, त्यात ही एन्झाइम विरघळलेली आहेत आणि तिथेच साखरेचे तुकडे होतायत. प्रत्यक्षात ही तिन्ही एन्झाइम रसात मोकळी सोडली जात नाहीत. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींच्या वरच्या पृष्ठभागावर ब्रशच्या केसांसारखे अतिसूक्ष्म उंचवटे असतात, त्याला ब्रश बॉर्डर म्हणतात. ही एन्झाइम त्या पटलात रोवलेली असतात. १९६१ मध्ये मिलर आणि क्रेन यांनी हॅमस्टरच्या आतड्यातून ब्रश बॉर्डर वेगळी काढली आणि डायसॅकराइड तोडणारी क्रिया तिथेच असल्याचं दाखवलं. म्हणजे ही माहिती साठ वर्षांहून जुनी आहे. तक्ता मात्र बदललेला नाही.

मग आंत्ररसाची कल्पना आली कुठून? ती अगदीच निराधार नव्हती. अस्तरातल्या पेशी साधारण तीन ते पाच दिवसांत झडतात आणि त्यांच्यासोबत पटलातली एन्झाइमही पोकळीत येतात. त्यामुळे आतड्यातला द्रव तपासला तर थोडी क्रिया सापडतेच. पण ती झडलेल्या मालाची असते, मुख्य काम करणाऱ्या जागेची नसते.

आता ज्वारीच्या भाकरीचा एक घास घेऊन तक्ता तपासू. माझी कसोटी सोपी आहे: एका ओळीत तयार झालेला प्रत्येक पदार्थ एकतर पुढच्या ओळीत वापरला गेला पाहिजे, नाहीतर शोषला गेला पाहिजे. जमाखर्चासारखा हिशोब जुळला पाहिजे.

पहिली ओळ म्हणते: लाळेतलं अमायलेज, तोंड, स्टार्चपासून माल्टोज. घास तोंडात राहतो काही सेकंद. पण गिळल्यावरही घासाच्या आतल्या भागात आम्ल पोचेपर्यंत हे अमायलेज जठरात काम करत राहतं. पुढे स्वादुपिंडाचं अमायलेज तेच काम लहान आतड्याच्या पोकळीत पूर्ण करतं. इथे ‘लहान आतडे’ हे उत्तर बरंचसं बरोबर आहे, कारण हे एन्झाइम खरोखर रसात असतं.

पण तयार काय झालं? स्टार्चचा मोठा भाग अमायलोपेक्टिनचा असतो आणि त्याच्या साखळीला सरासरी पंचवीसेक ग्लुकोजमागे एक फांदी फुटते. अमायलेज साखळीतले सरळ दुवे तोडतं, फांदीचा सांधा त्याला तुटत नाही. त्यामुळे माल्टोजसोबत तीन ग्लुकोजचा माल्टोट्रायोज आणि फांदी असलेले छोटे तुकडे, म्हणजे लिमिट डेक्स्ट्रिन, उरतात. तक्त्यात पुढे फक्त माल्टेजची ओळ आहे. मग डेक्स्ट्रिन गेलं कुठे? हिशोब जुळत नाही. फांदीचा सांधा तोडणारं आयसोमाल्टेज तक्त्यात नसतंच. गंमत म्हणजे ते सुक्रेजच्याच जोडीने, सुक्रेज-आयसोमाल्टेज या नावाने, त्याच ब्रश बॉर्डरवर बसलेलं असतं.

प्रथिनांच्या ओळीत तर तिसरीच जागा निघते. तक्ता म्हणतो, डायपेप्टाइडचं अमिनो आम्लात रूपांतर लहान आतड्यात होतं. वास्तविक बरेचसे दोन-तीन अमिनो आम्लांचे तुकडे अख्खेच पेशीत शिरतात आणि पेशीद्रवातली पेप्टिडेज त्यांना आत तोडतात. म्हणजे इथे शोषण आधी आणि पचनाची शेवटची पायरी नंतर! ‘लहान आतडे’ या एका उत्तराखाली अशा तीन वेगळ्या जागा दडलेल्या आहेत.

| जागा | कोण काम करतं | काय मिळतं |
|---|---|---|
| पोकळी | स्वादुपिंडाचं अमायलेज | माल्टोज, माल्टोट्रायोज, लिमिट डेक्स्ट्रिन |
| ब्रश बॉर्डर | माल्टेज, सुक्रेज-आयसोमाल्टेज, लॅक्टेज | ग्लुकोज, फ्रुक्टोज, गॅलॅक्टोज |
| पेशीच्या आत | पेप्टिडेज | अमिनो आम्लं |

याने फरक काय पडतो? समजा मुलाखतीत विचारलं, ‘जुलाब झालेल्या लहान मुलाला काही दिवस दूध बाधतं, पण तांदळाची पेज चालते, असं का?’ जुन्या तक्त्यावरून उत्तर सापडत नाही, कारण त्यात लॅक्टेज आणि अमायलेज दोन्हींसमोर ‘लहान आतडे’ लिहिलेलं आहे. जागा माहीत असेल तर उत्तर सरळ आहे. रोटाव्हायरससारख्या संसर्गात अस्तराच्या वरच्या, पक्व पेशी झडतात. लॅक्टेज त्यांच्यावरच असतं, म्हणून ते घटतं. स्वादुपिंड शाबूत असल्याने अमायलेज येत राहतं आणि माल्टोज तोडायला ब्रश बॉर्डरवर एकाहून जास्त एन्झाइम असल्याने तिथे भरपूर राखीव क्षमता असते. न पचलेला लॅक्टोज आतड्यात पाणी ओढतो आणि पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचा वायू करतात. श्वासातला हायड्रोजन मोजून हे ओळखता येतं. (याचा अर्थ दूध सरसकट बंद करा असा नाही. अंगावरचं दूध तर चालूच ठेवतात.)

दुसरा फरक थेट प्रयोगशाळेतला. प्रौढ रॅटमध्ये एखाद्या आहाराने सुक्रेज वाढतं का, हे तुम्हाला बघायचंय. कुठला नमुना घ्याल? तक्त्यावर विश्वास ठेवलात तर आतडं धुऊन तो द्रव घ्याल, आणि मुख्य एन्झाइम अस्तरावरच राहून जाईल. योग्य रीत अशी: आतडं थंड सलाइनने हलकेच धुवायचं, अस्तर काचपट्टीने खरवडायचं, बफरमध्ये होमोजिनाइज करायचं, सुक्रोज घालून ३७ अंशांवर ठेवायचं आणि सुटलेलं ग्लुकोज मोजायचं. आकडा प्रति मिलिग्रॅम प्रथिन असा लिहायचा. धुतलेला द्रवही टाकून देऊ नका, तोही मोजा. त्यात सुक्रेज जास्त निघालं तर ते रसात स्रवतं असा निष्कर्ष काढण्याआधी धुताना अस्तर खरवडलं गेलं का ते पाहा. द्रवाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की पेशींचे तुकडे दिसतात.

शाळेच्या पातळीवर तक्ता लहानच राहणार, ते मान्य. पण ‘कार्यस्थान’ या रकान्यात अवयवाचं नाव लिहून थांबू नका. पुढे एक शब्द जोडा: पोकळी, पटल किंवा पेशी. तुमच्याकडचा तक्ता काढा आणि ट्रिप्सिनला चालू करणारं एंटरोकायनेज या तिन्हींपैकी कुठे बसतं ते शोधून लिहा. बहुतेक नोट्समध्ये तेही ‘आंत्ररसा’तच सापडेल.