जेम्सचे वकीलपत्र

भावंडांच्या लहानपणच्या भांडणाविषयी लिहायचे तर एक अडचण पहिल्यापासून असते. भांडण दोघांचे, पण लेखणी एकाच्याच हाती. दुसरा बहुधा हयात नसतो. असला तरी लिहीत नसतो. भाऊबंदकी जमिनीची असेल तर निदान सातबारा असतो, पंच असतात. कोणी कोणाला किती मारले, घरात कौतुक कोणाचे जास्त झाले, याचे दप्तर कुठेच नसते. मग लेखकाने भावाला न्याय दिला की जुना हिशेब चुकता केला, हे वाचकाने ओळखायचे कसे?

त्यासाठी मी एक साधी कसोटी वापरतो. बाहेरचा एकही पुरावा न घेता, केवळ लेखकाच्याच मजकुराच्या आधारे, दुसऱ्या भावंडाचे वकीलपत्र घेता येते का ते पाहायचे. बेंजामिन फ्रँकलिनचे आत्मचरित्र या कसोटीला लावले तर ते बरेच टिकते आणि दोन ठिकाणी घसरते. ही दोन्ही अंगे शिकण्यासारखी आहेत.

प्रकरण थोडक्यात असे. बेंजामिन 1706 साली बॉस्टनमध्ये जन्मला. वडील साबण-मेणबत्त्या बनवणारे, मुले सतरा. थोरला भाऊ जेम्स 1717 साली इंग्लंडहून छापयंत्र आणि खिळे घेऊन आला. वडिलांनी बाराव्या वर्षी बेंजामिनला त्याच्याकडे उमेदवारीला लावले. करार वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंतचा, आणि कारागिराची मजुरी मिळणार ती फक्त शेवटच्या वर्षी. 1721 साली जेम्सने ‘न्यू इंग्लंड कूरंट’ हे वृत्तपत्र काढले. पुढच्या वर्षी सोळा वर्षांच्या बेंजामिनने हस्ताक्षर बदलून एक निनावी लेख रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सारला. जेम्सच्या मित्रमंडळींना तो आवडला. लेखक कोण असावा म्हणून ती मंडळी गावातल्या विद्वानांची नावे घेऊ लागली, आणि धाकटा जवळच उभा राहून ऐकत होता. असे बरेच लेख झाल्यावर त्याने गुपित फोडले.

इथे सूड उगवू पाहणाऱ्या लेखकाने लिहिले असते की भाऊ जळला. फ्रँकलिन लिहितो की अशा कौतुकाने मी शेफारेन असे भावाला वाटले, आणि तसे वाटायला बहुधा कारण होते. पुढे तो मतभेदाचे मूळ सांगतो. जेम्स स्वतःला मालक समजे. इतर कोणत्याही उमेदवाराकडून जे काम घेतले असते तेच तो याच्याकडून घेई. धाकट्याला वाटे की सख्खा भाऊ म्हणून आपल्याला थोडी सवलत मिळावी, काही कामे तरी सांगितली जाऊ नयेत. एकाच नात्याला दोघे दोन नावांनी ओळखत होते, आणि दोन्ही नावे खरी होती. करार वाचला तर जेम्स बरोबर, घर पाहिले तर बेंजामिन. जेम्सचे वकीलपत्र घेणाऱ्याला पहिला मुद्दा इथे आयता मिळतो.

दुसरा मुद्दा त्याहून सूक्ष्म आहे. भांडणे वडिलांपुढे जात आणि निकाल बहुतेक वेळा धाकट्याच्या बाजूने लागे. हे सांगताना फ्रँकलिन म्हणतो की एक तर माझी बाजू बरोबर असावी किंवा मी बाजू मांडण्यात सरस असावा. या दुसऱ्या शक्यतेत सगळे आले. आत्मचरित्र हीही बाजू मांडणेच आहे, आणि सरस वक्त्याचा शब्द किती मानावा याचा इशारा वाचकाला वक्त्याकडूनच मिळतो.

पण न्याय म्हणजे आपली जखम झाकणे असे तो मानत नाही. भाऊ तापट होता, अनेकदा मारायचा आणि ते फार लागले, हे तो स्पष्ट लिहितो. 1722 मध्ये विधिमंडळाने जेम्सला महिनाभर तुरुंगात टाकले, तेव्हा घरचे भांडण बाजूला ठेवून आपल्याला भावासाठी राग आला, हेही तो तितक्याच सरळपणे नोंदवतो. पुढच्या वर्षी जेम्सला पत्र छापण्याची बंदी झाली. पळवाट म्हणून ते बेंजामिनच्या नावाने निघू लागले. लोकांना दाखवण्यासाठी जुना करार पाठीवर मुक्ततेचा शेरा मारून परत दिला गेला आणि उरलेल्या मुदतीचा नवा करार गुपचूप झाला. पुन्हा खटका उडाला तेव्हा बेंजामिनने ताडले की भाऊ हा गुप्त करार बाहेर काढण्यास धजणार नाही, आणि तो मोकळा झाला. जेम्सने गावातल्या छापखान्यांत फिरून त्याला कुठे काम मिळू दिले नाही. वडीलही या वेळी थोरल्याच्या बाजूने गेले. सतरा वर्षांचा मुलगा घर सोडून गेला.

या वागण्याला फ्रँकलिन आपल्या आयुष्यातल्या पहिल्या काही मुद्रणदोषांपैकी एक म्हणतो. त्यानंतरची मांडणी पाहावी. माराचा राग मनात होता म्हणून अन्यायाचे तेव्हा काही वाटले नाही. एरवी भाऊ वाईट स्वभावाचा नव्हता. कदाचित मीच उद्धट आणि चिडवणारा असेन. माराचे कारण देऊन तो मार पुसत नाही, आणि आपला दोष देऊन भावाचा दोष फेडत नाही. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी उभ्या राहतात. दोष अर्धा अर्धा वाटून टाकणाऱ्या आठवणी खोट्या वाटतात, त्या हे जमत नाही म्हणून.

आता घसरण. जेम्सच्या कठोर वागण्यानेच माझ्या मनात मनमानी सत्तेविषयी तिटकारा ठसला असावा, अशी एक तळटीप फ्रँकलिनने जोडली आहे. मजकुरात जेम्स तापट भाऊ आहे. तळटिपेत तो जुलमी सत्तेचा नमुना होतो. धाकट्याच्या थोर भविष्याला कारण हवे म्हणून थोरल्याचे माणूसपण कमी होते. यशस्वी भावंडाने लिहिलेल्या आठवणींत हा धोका नेहमी असतो, आणि तो शिवीगाळीपेक्षा लवकर नजरेआड होतो.

दुसरी घसरण शेवटाकडची. सात महिन्यांनी बेंजामिन नवा पोशाख, घड्याळ आणि पाचेक पौंडांची चांदी घेऊन बॉस्टनला आला. भावाच्या कारागिरांना नाणी आणि घड्याळ दाखवले, दारू प्यायला एक नाणे दिले. जेम्सने त्याला आपादमस्तक न्याहाळले आणि तो कामाला लागला. माझ्या माणसांसमोर केलेला हा अपमान मी कधी विसरणार नाही, असे तो नंतर आईला म्हणाला. त्यावर फ्रँकलिन लिहितो की यात मात्र भाऊ चुकला. कशात चुकला, अपमान मानण्यात की विसरणार नाही म्हणण्यात, हे वाक्य सांगत नाही. इथवर 1771 चे लेखन. उत्तर येते 1788 मध्ये लिहिलेल्या भागात. 1733 च्या सुमारास न्यूपोर्टला दोघे प्रेमाने भेटले. आजारी जेम्सने आपल्या माघारी दहा वर्षांच्या मुलाला सांभाळून छपाई शिकवायला सांगितले. बेंजामिनने त्याला शाळेत घातले, धंदा शिकवला, पुढे नवे खिळेही दिले. भावाने राग सोडला हे यातून दिसतेच. पण फ्रँकलिन तिथे थांबत नाही. भावाची भरपूर भरपाई झाली असा निकालही तोच देतो. भरपाई झाली असेल, पण ‘भरपूर’ हा शब्द जेम्सचा होता. तो 1735 सालीच वारला होता.

कसोटीची मर्यादाही इथेच दिसते. मजकूर न्यायी आहे की नाही हे ती सांगते. त्या घरात प्रत्यक्ष काय घडले ते सांगत नाही. त्यासाठी आता बाहेरचा एक कागद पाहायला हरकत नाही. 30 सप्टेंबर 1723 च्या ‘कूरंट’मध्ये एक लहानशी जाहिरात आहे: मुद्रक जेम्स फ्रँकलिन यांना एक होतकरू मुलगा उमेदवार म्हणून हवा आहे. तिच्यात भावाचा उल्लेख नाही, तक्रारही नाही. आत्मचरित्रातली ती सारी पाने या ओळीशेजारी ठेवून वाचावीत.