‘हिदाया’तील कुरबानी : जनावराचे स्थान आणि करणाऱ्याची पात्रता

बुरहानुद्दीन मर्गीनानी (मृत्यू इ. स. ११९७) यांचा ‘हिदाया’ हा हनफी धर्मशास्त्राचा ग्रंथ भारतीय मदरशांत पिढ्यान्‌पिढ्या शिकविला गेला आहे. त्यातील कुरबानीचे प्रकरण आटोपशीर आहे. परंतु ते वरवर वाचले असता एक विसंगती जाणवते. कुरबानी कोणावर आवश्यक, याचा निर्णय ग्रंथकार माणसाकडे पाहून करतात. ती केव्हा करावी, याचा निर्णय मात्र ते जनावराकडे पाहून करतात. ही विसंगती नसून प्रकरणाचा कणाच आहे, आणि तो ध्यानात न घेतल्यामुळे पुढील वाचकांची कशी फसगत झाली, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम वेळेचा प्रश्न घेऊ. कुरबानीचा काल जिल्हज महिन्याच्या दहाव्या दिवशी पहाटे सुरू होतो आणि हनफी मताने बाराव्या दिवशीच्या सूर्यास्ताला संपतो. शाफई मत तेरावा दिवसही धरते. शहरवासीयाने ईदची नमाज होण्यापूर्वी कुरबानी करू नये, केल्यास ती कुरबानी ठरत नाही. खेड्यातील माणसाला मात्र पहाट होताच मोकळीक आहे. यामागचे कारण ग्रंथातच दिले आहे. नमाजेची अट घालण्याचा हेतू एवढाच की, जनावराच्या व्यापात माणसाची नमाज चुकू नये. ज्या खेड्यात ईदची नमाज लागूच नाही, तेथे थांबण्याला काही अर्थ उरत नाही.

पुढचे विधान अधिक धारदार आहे. या बाबतीत जनावर कोठे आहे ते पाहावयाचे, त्याचा मालक कोठे आहे ते नव्हे. शहरात राहणाऱ्याला घाई असेल, तर त्याने जनावर शहराबाहेर पाठवावे आणि तेथे पहाटेस त्याची कुरबानी व्हावी, अशी युक्तीच मर्गीनानी सुचवितात. त्याला आधार म्हणून ते जकातीचा दाखला देतात. मुदतीच्या आत मालमत्ता नष्ट झाली तर कुरबानीची जबाबदारीही जकातीप्रमाणे उतरते; म्हणून जकातीप्रमाणेच येथे मालाचे स्थान महत्त्वाचे. रमजान ईदचा फित्रा तसा नाही, कारण माल गेला तरी तो देणे चुकत नाही. युक्ती वरवर पळवाटेसारखी दिसते, पण तिच्यामागे असे काटेकोर साधर्म्य आहे.

आता हा नियम पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्याला लावून पाहावा. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. भोवतालची खेडी एकामागून एक शहराच्या हद्दीत आली. पुढे चाकणची ग्रामपंचायत जाऊन तेथेही नगरपरिषद आली. अशा ठिकाणी ‘शहर’ म्हणजे पालिकेची हद्द, असा सोपा अर्थ घेण्याचा मोह होतो. तो चुकीचा आहे. ‘हिदाया’त शहराची व्याख्या कुरबानीच्या नव्हे, तर जुम्म्याच्या प्रकरणात सापडते. एका मताने, न्यायनिवाडे अंमलात आणणारा अधिकारी आणि काजी जेथे आहे ते शहर. दुसऱ्या मताने, ज्या वस्तीतील लोक तिथल्या सर्वांत मोठ्या मशिदीत मावणार नाहीत ते शहर. दोन्ही व्याख्यांत पालिकेच्या सीमारेषेला जागा नाही.

समजा, निगडीत राहणाऱ्या एका कामगाराने बोकड खेड तालुक्यातील आडगावी ठेवला आहे आणि त्या गावात ईदची नमाज होत नाही. त्या बोकडाची कुरबानी पहाटेस झाली तर ती हनफी मताने वैध आहे, मग मालक त्या वेळी निगडीत नमाजेची वाट पाहत उभा का असेना. तोच बोकड आदल्या रात्री निगडीस आणला, तर नमाजेआधी सुरी चालविता येणार नाही. मात्र शहरातील सर्व जमाती आटोपण्याची गरज नाही. एका मशिदीतील नमाज झाली असेल आणि ईदगाहवरील व्हायची असेल, तरी कुरबानी चालते, असे ग्रंथकार स्पष्ट सांगतात. शाफई पंथात, म्हणजे बहुतेक कोकणी मुसलमानांत, हा गुंताच नाही. सूर्योदयानंतर दोन रकात आणि दोन खुत्बे आटोपतील एवढा वेळ गेला की शहर-खेडे दोघांनाही काल सुरू झाला.

जनावराच्या परीक्षेतही हीच वस्तुनिष्ठ दृष्टी आहे. शेळी-बोकड हनफी मताने एक वर्षाचे, शाफई मताने दोन वर्षांचे पुरे असले पाहिजे. बाजारात जबडा उघडून पाहिलेले दोन दात ही वयाची खूण आहे, स्वतंत्र अट नव्हे. शिंगे मुळातच नसली किंवा जनावर खच्ची असले तरी चालते. आंधळे, वधस्थानापर्यंत चालू न शकणारे लंगडे किंवा अगदी हाडकुळे चालत नाही. एका डोळ्याची दृष्टी किती गेली, हे मोजण्याची रीत तर मुद्दाम वाचावी. जनावर एक-दोन दिवस उपाशी ठेवून सदोष डोळा बांधावा, वैरण हळूहळू जवळ आणावी आणि ती दिसताच त्या जागी खूण करावी. मग चांगला डोळा बांधून तेच करावे. दोन अंतरांतील तफावत जेवढी, तेवढी दृष्टी गेली.

‘पात्रता’ मात्र माणसाची. स्वतंत्र, प्रवासात नसलेला आणि गरजेपलीकडे निसाबाएवढी मालमत्ता असलेला मुसलमान कुरबानीस बांधील आहे. भारतात निसाब साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीने धरतात. चाकणला परप्रांतातून आलेला कामगार पंधरा दिवस वा अधिक राहण्याच्या इराद्याने आला असेल, तर तो प्रवासी राहत नाही.

नेमका हा भाग १९५८ च्या मोहम्मद हनीफ कुरेशी खटल्यात निसटला. सर्वोच्च न्यायालयाने चार्ल्स हॅमिल्टन यांचे १७९१ चे इंग्रजी भाषांतर आधाराला घेतले. हे भाषांतर मूळ अरबीवरून नव्हे, फारसी रूपांतरावरून केलेले आहे. एकासाठी शेळी किंवा सातांसाठी गाय वा उंट, यावरून गाय सक्तीची नाही असा न्यायालयाने काढलेला निष्कर्ष ग्रंथाशी जुळतो. तथापि त्याच ओघात असाही विचार आला की, सात माणसांच्या कुटुंबाला एक गाय परवडेल, सात शेळ्या परवडणार नाहीत. ‘हिदाया’च्या दृष्टीने हे उदाहरणच चुकते. कर्तव्य कुटुंबातील डोकी मोजून येत नाही. ज्याच्यापाशी निसाब आहे त्याच्यावरच येते. अज्ञान मुलांच्या वतीने बापाने करणे ग्राह्य मताप्रमाणे आवश्यक नाही. सातांच्या घरात निसाबधारी एकटा बापच असेल, तर एक शेळी पुरते.

सातांचा वाटा खरा उपयोगी पडतो तो एका खोलीत राहणाऱ्या, स्वतंत्र मिळकतीच्या सात कामगारांना. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्याही कत्तलीस मनाई असल्याने आता तो केवळ म्हैसवर्गापुरता उरला आहे. ‘हिदाया’ या वर्गाची गणना गायीच्याच जातीत करते. येथे मात्र माणूस पुन्हा मध्ये येतो. सातांपैकी एकाचाही हेतू केवळ मांस मिळविण्याचा असेल, तर उरलेल्या सहांचीही कुरबानी जाते.

मग वाटणीचा प्रश्न येतो. एकट्याच्या बोकडाचे मांस स्वतः खावे, श्रीमंत-गरीब कोणालाही द्यावे, साठवावे. दान एक-तृतीयांशाहून कमी नसावे, ही शिफारस आहे, सक्ती नाही. शाफई मताने मात्र काही कच्चे मांस गरिबाच्या हाती पडलेच पाहिजे. सातांच्या जनावरात वाटे अंदाजाने पाडता येत नाहीत, तराजूनेच तोलावे लागतात, कारण एकाच जातीच्या वस्तूची कमीजास्त अदलाबदल व्याजासारखी होते. एखाद्या वाट्यात पाय वा कातडे घातले, तर अंदाज चालतो. खाटकाची मजुरी मांसातून वा कातड्यातून द्यावयाची नाही. कातडे पैसे घेऊन विकले, तर ते पैसे दानात जातात.