शेवटची सात अक्षरे

मंगलाष्टक ही मराठीतली बहुधा एकमेव कविता, जिच्या प्रत्येक कडव्याला श्रोते हाताने दाद देतात. कडवे संपले, "शुभमंगल सावधान" झाले की अक्षता पडतात. कविता आवडली म्हणून त्या पडत नाहीत, कडवे संपले म्हणून पडतात. पण कडवे नक्की कुठे संपले हे चारशे माणसांना एकाच क्षणी कळावे लागते, आणि ते कळवण्याचे काम वृत्ताचे असते.

मंगलाष्टकाचे रूढ वृत्त शार्दूलविक्रीडित. ओळीत एकोणीस अक्षरे, बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा, आणि पुढे सात. लघुगुरूंची गुंतागुंत ज्यांना नको त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की पहिली बारा अक्षरे चढतात आणि शेवटची सात उतरतात. गाणाऱ्याचा श्वासही बाराव्यावरच तुटतो. म्हणून जाणते रचनाकार माहिती, नावे, गावे, नाती पहिल्या बारांत बसवतात आणि आशीर्वाद किंवा दृश्य शेवटच्या सातांत ठेवतात. पहिला भाग त्या दोन घरांचा, दुसरा सगळ्या मांडवाचा.

दुसरी अट घड्याळाची. मुहूर्ताला वेळ असेल तर गुरुजी दोन कडवी जास्त म्हणतात, मुहूर्त जवळ आला की दोन गाळतात. मध्येच कुणी आत्या पुढे येते आणि घडी केलेला कागद काढते. त्यामुळे एका कडव्यातून दुसऱ्यात जाणारी गोष्ट इथे चालत नाही. प्रत्येक कडवे सुटे आणि स्वयंपूर्ण हवे, पत्त्यांसारखे कुठूनही काढता येईल असे. मंगलाष्टकांत कथानक नसते, अशी तक्रार करणाऱ्यांनी हा मुहूर्ताचा काटा ध्यानात घेतलेला नसतो.

आता एक कडवे जवळून पाहू. नवरी अंबरनाथची, नवरा बदलापूरचा, नवरीचा मामा उल्हासनगरला राहणारा. रचना नवरीच्या मावशीची. त्या कवयित्री म्हणून कुठे छापून आलेल्या नाहीत.

आली अंबरनाथची नववधू घेऊन हाती फुले,
दारी या बदलापुरात जमले हे सोयरे आपुले;
मामाचे घर ते उल्हासनगरी, तोही उभा मागुती,
नांदो हे घरटे, मिळो अनुदिनी दोघांस या सन्मती.

मध्य रेल्वेवर एका पाठोपाठ येणारी तीन स्टेशने मावशींनी तीन ओळींत बसवली आहेत, आणि ती बसवताना त्यांना काय करावे लागले ते पाहण्यासारखे आहे. 'अंबरनाथ' हे नाव या वृत्तात जसेच्या तसे बसते. गुरू, दोन लघू, गुरू, लघू ही त्याची चाल आहे आणि ओळीच्या तिसऱ्या अक्षरापासून वृत्ताचीही नेमकी तीच. पुढे 'ची' आणि 'नववधू' आले की बारा अक्षरे भरतात. एकही अक्षर ओढावे लागत नाही. ज्या गावातले शिवमंदिर शिलालेखानुसार शके 982चे, म्हणजे इसवी सन 1060चे, त्याचे नाव संस्कृत वृत्तात सहज बसावे याचे फार नवल नाही.

'बदलापूर' मात्र असे बसत नाही. 'पू' दीर्घ आहे आणि तो वृत्ताला अडतो. पण मराठीच्या नियमाने प्रत्यय लागला की तो 'पू' ऱ्हस्व होतो, आणि 'बदलापुरात' म्हणताच चौथ्या ते नवव्या अक्षराची जागा तंतोतंत भरते. व्याकरणाच्या तासाला जो नियम कंटाळवाणा वाटतो, त्याने इथे ओळ तारली.

सर्वांत अवघड उल्हासनगर. 1949 साली फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या कल्याण कॅम्पला हे नाव मिळाले. त्याच्या शेवटी 'सनगर' अशी चार लघू अक्षरे सलग येतात. शार्दूलविक्रीडितात तीनापेक्षा जास्त लघू सलग येतच नाहीत. मावशींनी जुनी सप्तमी घेतली, 'उल्हासनगरी', आणि शेवटचे अक्षर गुरू करून टाकले. तरीही पहिला 'उ' उरतोच. पुढे जोडाक्षर आले म्हणून संस्कृतच्या नियमाने तो गुरू व्हायला हवा आणि मग ओळ मोडते. पण मराठी कान ल्ह, म्ह, न्ह यांना पुष्कळदा जोडाक्षराचे पूर्ण वजन देत नाही. आपण 'उ' वर आघात न देता 'उल्हास' म्हणतो. त्या उच्चाराने 'उल्हासनगरी' सातव्या ते बाराव्या अक्षरापर्यंत चपखल बसते. एखादे कडक शास्त्रीबुवा इथे लाल खूण करतील. माझे मत मावशींच्या बाजूने आहे, कारण मंगलाष्टक कानांसाठी असते आणि मांडवात तो 'उ' कुणालाही खटकणार नाही.

या कडव्यातली सर्वांत चांगली जागा तिसऱ्या ओळीची शेवटची सात अक्षरे आहेत. मामा नवरीच्या मागे उभा असतो. सगळ्यांचे डोळे अंतरपाटाकडे लागलेले असतात आणि मामाकडे कुणी बघत नाही. "तोही उभा मागुती" म्हटल्याबरोबर चारशे माणसांची नजर क्षणभर त्याच्याकडे वळते. 'मागुती' हा शब्द आज बोलण्यात नाही, यमकासाठी आणलेला आहे, पण त्या क्षणी तो जुना सूर शोभतो. शिवाय 'तोही' मधल्या 'ही' मध्ये बरेच काही आहे. बाकीचे आलेच आहेत, आणि तोही आला आहे. अशी ओळ फक्त त्या दहा मिनिटांत जिवंत असते. पुस्तकात वाचणाऱ्याला तिच्यात काही दिसणार नाही, कारण तिथे मामा उभा नसतो.

चौथी ओळ मात्र पडेल आहे. 'घरटे' हजार पत्रिकांवर छापलेले असते आणि 'अनुदिनी' केवळ जागा भरायला आले आहे. एक गोष्ट तरी ती बरोबर करते. तिची क्रियापदे 'नांदो', 'मिळो' अशी आहेत. लग्नाची कविता या 'ओ'कारावर उभी असते. जे अजून घडलेले नाही ते घडो, एवढेच तिचे व्याकरण.

नावे बसवण्याचा प्रश्न नवरा-नवरीच्या बाबतीतही येतो. सायली किंवा मानसी असेल तर ते नाव थेट ओळीच्या शेवटी जाऊन बसते आणि अक्षता त्या नावावरच पडतात. कविता असेल तर ते यतीच्या आधी चांगले बसते. नाव कुठेच बसले नाही की लोक 'हो', 'जी', 'बा' असे टेकू लावतात किंवा नावातले एखादे अक्षर ओढून लांब करतात. त्याहून वाईट म्हणजे नाव यतीवर दुभंगते आणि नवरीचे अर्धे नाव श्वासाच्या अलीकडे, अर्धे पलीकडे राहते. सिनेमाच्या चालीवर म्हटले की हे दोष झाकले जातात. म्हणून लिहिणाऱ्याने आधी चालीशिवाय, नुसते बोलून बघावे. जीभ अडखळली की तिथे चूक आहे.

वृत्त तेच ठेवून बोलणारा बदलला तर काय होते, हे जोतीराव फुल्यांनी दाखवले. सत्यशोधक पद्धतीच्या लग्नांसाठी त्यांनी मराठी मंगलाष्टके रचली. ती 1887 साली पूजाविधीच्या पुस्तिकेत छापली गेली. त्यांत कडवी गुरुजी म्हणत नाहीत. वर आणि वधू एकमेकांशी बोलतात. वधू स्त्रियांना नाकारलेल्या हक्कांची गोष्ट काढते आणि वर ते देण्याची शपथ घेतो. वृत्त शार्दूलविक्रीडितच. त्यामुळे कानाला लग्न लागल्यासारखेच वाटते, आणि त्या ओळखीच्या लयीत एक करार होऊन जातो. वृत्तही बदलले असते तर लोकांनी ते भाषण समजून ऐकले असते.

उल्हासनगर-अंबरनाथच्या बौद्ध वस्त्यांत लग्नात जयमंगल अष्टगाथा म्हणतात. पाली भाषा, चौदा अक्षरांचे वसंततिलका वृत्त आणि आठ गाथा. प्रत्येक गाथेत बुद्धाचा एक विजय आहे. एकीत मारावरचा, एकीत नालागिरी हत्तीवरचा, एकीत अंगुलिमालावरचा. शेवटचा चरण मात्र प्रत्येक वेळी तोच असतो, त्या तेजाने तुमचे मंगल होवो अशा अर्थाचा. इथे वधूवरांचे नाव नाही, गाव नाही, मामाही नाही. सगळ्या जोडप्यांना एकच कविता. मावशींच्या कडव्यातली माया तिच्यात नाही, पण कुणाच्या घरात काव्य करणारी मावशी नसेल तर तिचे काही अडत नाही. कॅम्पातल्या सिंधी घरांत बायका लाडे म्हणतात. तिथे वृत्ताची चौकट सैल असते आणि नवऱ्याचे नाव आयत्या वेळी घालता येते.

मरणाच्या प्रसंगी यातले काहीच चालत नाही. शार्दूलविक्रीडिताची उडी शोकसभेत कानाला लागते. स्टेशनजवळच्या श्रद्धांजलीच्या फलकांवर बघा. फोटोखाली चार छोट्या यमकी ओळी असतात. चारच, कारण जागा तेवढी असते आणि रस्त्याने चालणारा तेवढेच वाचतो. त्यांची क्रियापदे भूतकाळी, आणि संबोधन थेट गेलेल्या माणसाला. लग्नातली कविता दोघांविषयी इतरांना सांगते, आणि ही ज्याला ऐकू येणार नाही त्याच्याशी बोलते. म्हणून ती बहुतेकदा एकाच वाक्याची असते. ती दोन वाक्यांची झाली की उसनी वाटू लागते.

निरोपाची कविता या दोन्हींच्या मध्ये येते. अंबरनाथच्या आयुध निर्माणीतला सरकारी कामगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणजे एकाच संध्याकाळी अनेकांचा निरोप. कविता छोटी हवी आणि तिने चेष्टा करायलाच हवी, कारण उत्सवमूर्ती समोरच्या खुर्चीत हार घालून बसलेली असते आणि नुसत्या स्तुतीने ती अवघडते. डब्यातली भाजी, चुकलेली सव्वासातची लोकल, रागावण्याची लकब हे भूतकाळात येते आणि शेवटच्या दोन ओळी पुन्हा 'लाभो', 'राहो' वर जातात. म्हणजे सुरुवातीला फलकाचे व्याकरण आणि शेवटी मांडवाचे. जी निरोपाची कविता हे वळण घेत नाही ती श्रद्धांजलीसारखी ऐकू येते, आणि खुर्चीतला माणूस अस्वस्थ होतो.

पूर्वी लग्नात मंगलाष्टके छापून वाटत असत. आता तो कागद गेला आणि लोक मोबाइलवर वाचून म्हणतात. वाचून झाले की ते कडवे कुठल्या तरी ग्रुपवर राहते आणि फोन बदलला की जाते. तुमच्या घरात कुणी असे कडवे केले असेल तर ते कागदावर उतरवा, खाली रचणाऱ्याचे नाव, लग्नाची तारीख आणि गाव लिहा, आणि मामा कुठे उभा होता तेही लिहून ठेवा.