चार पिढ्या, चार नावे : आशापूर्णादेवींच्या कादंबरीत्रयीतील नामकरण

कुटुंबाच्या अनेक पिढ्यांची कथा सांगणाऱ्या कादंबरीत लेखकाला एक अडचण नेहमी येते. वर्षे पुढे सरकली, हे वाचकाला पानोपानी तारखा न देता कळायला हवे. त्यासाठी लेखक कपडे, वाहने, भांडी, भाषा यांचा आधार घेतो. पण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासू साधन म्हणजे पात्रांची नावे. या पाठात आपण एकच उदाहरण सविस्तर पाहणार आहोत : बंगाली लेखिका आशापूर्णादेवी यांची ‘प्रथम प्रतिश्रुति’, ‘सुवर्णलता’ आणि ‘बकुलकथा’ ही कादंबरीत्रयी. पहिली कादंबरी 1964 साली ग्रंथरूपात आली आणि तिला 1976 चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. तिसरी 1974 ची आहे.

कथेचा धागा आधी नीट लक्षात घ्या. एकोणिसाव्या शतकातील खेड्यात वाढलेली सत्यवती ही पहिली नायिका. तिची मुलगी सुवर्णलता. सुवर्णलतेची धाकटी मुलगी बकुल, जी पुढे लेखिका होते. आणि बकुलची भाची, म्हणजे तिच्या भावाची मुलगी, शंपा. सत्यवती, सुवर्णलता, बकुल, शंपा ही चार नावे एकाखाली एक लिहून पाहा. बंगाली येत नसले तरी काळ बदलत गेल्याचे कानाला जाणवेल. ते कशामुळे जाणवते, हा आपला प्रश्न आहे.

काळ अर्थात नसतो, घडणीत असतो

नावाचा विचार करताना आपण लगेच अर्थाकडे वळतो. पण अर्थावरून काळ ओळखता येत नाही. याचा पुरावा याच कादंबऱ्यांत आहे. पहिल्या कादंबरीत सत्यवतीच्या सासरी सौदामिनी नावाची स्त्री आहे. घरात तिला सदू म्हणतात. सौदामिनी म्हणजे वीज. तिसऱ्या कादंबरीतील शंपा या नावाचा अर्थही वीजच. अर्थ एकच, पण सौदामिनी हे नाव शंपाच्या वर्गातल्या मुलीला शोभणार नाही, आणि शंपा हे नाव सदूच्या काळातल्या खेड्यात कोणी ठेवले नसते.

मग फरक कुठे आहे? तीन गोष्टींत. पहिली, नावाची लांबी. सत्यवतीच्या आईचे नाव भुवनेश्वरी, मुलीचे सुवर्णलता. ही चार-पाच अक्षरांची नावे. बकुल आणि शंपा ही उच्चारात दोनच अक्षरांची. दुसरी, नावाचा शेवट. ‘-ईश्वरी’, ‘-वती’, ‘-लता’ असे शेवट एकेका काळात रूढ असतात. शंपाच्या नावाला असा कोणताच जोड नाही. तिसरी, नाव कोणत्या साठ्यातून घेतले आहे. भुवनेश्वरी आणि मोक्षदा ही नावे देवीच्या आणि धर्माच्या साठ्यातली, सुवर्णलता काव्याच्या, बकुल बागेतल्या फुलांच्या, तर शंपा संस्कृत शब्दकोशातून उचललेल्या निवडक, गोड वाटणाऱ्या शब्दांच्या.

पुरुषांच्या नावांतही हीच चाल दिसते. सत्यवतीचे वडील रामकाली, म्हणजे राम आणि काली दोघेही एका नावात. तिचा नवरा नवकुमार. सुवर्णलतेचा नवरा प्रबोध. देव मागे पडतो, जोडशब्द आखडत जातो आणि शेवटी एक गुणवाचक शब्द उरतो.

कादंबरीबाहेरची पडताळणी

हा सारा लेखिकेच्या कल्पनेचा खेळ नाही ना, हे तपासण्यासाठी त्याच काळातले एक खरे कुटुंब घेऊ. रवींद्रनाथ ठाकूर यांचा विवाह 1883 साली झाला. वधूचे माहेरचे नाव भवतारिणी. ते ठाकूरांच्या घरात जुनाट वाटले, म्हणून तिचे नाव मृणालिनी ठेवले गेले. भवतारिणी म्हणजे भवसागरातून तारणारी देवी. मृणालिनी म्हणजे कमळवेल. एकाच व्यक्तीच्या दोन नावांत, देवीच्या साठ्यापासून काव्याच्या साठ्यापर्यंतचा प्रवास एका लग्नात घडला.

पुढे या जोडप्याच्या मुलींची नावे पाहा : 1886 ची माधुरीलता, 1891 ची रेणुका, 1894 ची मीरा. थोरलीच्या नावात ‘लता’ आहे, धाकट्या दोघींच्या नावांत नाही. कादंबरीतील सुवर्णलतेचे बालपणही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे. म्हणजे तिचे नाव तिच्या काळात चपखल बसते. मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवा. ठाकूर घराणे कोलकात्याचे, श्रीमंत आणि सुशिक्षित होते. असे घर फॅशन आधी स्वीकारते. खेड्यातले घर तेच नाव दहा-वीस वर्षांनी ठेवील.

ही मर्यादा आशापूर्णादेवींनाही ठाऊक होती, असे ‘बकुलकथे’वरून दिसते. शंपा घरच्यांच्या मनाविरुद्ध ज्या कामगार तरुणावर प्रेम करते, त्याचे नाव सत्यवान. चौथ्या पिढीच्या काळातही पौराणिक, ‘-वान’ने संपणारे नाव जिवंत आहे, फक्त ते आता दुसऱ्या वर्गात आहे. नावांची फॅशन वरच्या थरातून खाली उतरते, आणि खाली जुने नाव बराच काळ टिकते. म्हणून चार पिढ्यांच्या कथेत प्रत्येक दशकाला एकच नाव-यादी लावणारा लेखक चुकतो. एकाच वर्षी दोन घरांत दोन वेगवेगळ्या काळांची नावे नांदत असतात.

प्रतीक की प्रथा?

आता समीक्षेतला खरा वादाचा मुद्दा. सत्यवती सत्यासाठी भांडते, म्हणून तिचे नाव सत्यवती, असे उत्तरपत्रिकांत हमखास लिहिले जाते. हे विधान खोटे नाही, पण अपुरे आहे. प्रतीक मानण्याआधी आजूबाजूच्या गौण पात्रांची नावे पाहावीत. सत्यवतीभोवती भुवनेश्वरी, मोक्षदा, सौदामिनी, एलोकेशी अशी नावे आहेत. या मेळाव्यात सत्यवती हे नाव अजिबात वेगळे उठून दिसत नाही. त्या काळातल्या कोणत्याही ब्राह्मण घरात ते शोभले असते. म्हणून ते आधी प्रथेचे नाव आहे; प्रतीकाचा अर्थ त्याला तिच्या वागण्यामुळे नंतर चिकटतो.

हीच कसोटी बकुलला लावा. सुवर्णलतेच्या मुली चांपा, चंदन, पारुल आणि बकुल. चांपा म्हणजे चाफा, पारुल म्हणजे पाडळ, बकुल म्हणजे बकुळ, आणि चंदनही झाडच. थोरल्या मुलीचे नाव फुलावरून ठेवले की पुढच्या मुलींची नावे त्याच रांगेत येतात. सुवर्णलतेच्या नवऱ्याची आणि त्याच्या भावांची नावेही अशीच ओळीने येतात : सुबोध, प्रबोध, प्रभास, प्रकाश. तेव्हा ‘बकुळीसारखी नाजूक, सुगंधी लेखिका’ असे लिहिण्यापूर्वी थांबा. ते नाव एका माळेतले शेवटचे फूल आहे, स्वतंत्र निवड नव्हे.

उलट, कसोटीत टिकणारे एक उदाहरण आहे. सत्यवतीची सासू एलोकेशी. सुवर्णलतेची सासू मुक्तकेशी. दोन्ही नावांचा अर्थ ‘मोकळ्या केसांची’, आणि मुक्तकेशी हे कालीचे नाव. प्रथेच्या दृष्टीने दोन्ही नावे त्या पिढीला योग्यच आहेत. पण सुनेवर सत्ता गाजवणाऱ्या दोन सासवांना, दोन कादंबऱ्यांत, एकाच अर्थाची नावे मिळावीत, हा योगायोग मानणे कठीण आहे. घर बदलले, पिढी बदलली, तरी सुनेच्या डोक्यावरची सत्ता तीच, असे ही जोडी सांगते. प्रथा आणि प्रतीक येथे एकाच नावात बसले आहेत.

नाव कोणाच्या तोंडी?

नाव ठेवणे एक, ते वापरले जाणे दुसरे. नऊ वर्षांच्या सुवर्णलतेचे लग्न तिच्या आईला न विचारता लावले जाते. सासरी गेल्यावर ती ‘मेजबौ’, म्हणजे मधली सून होते. इतक्या सुंदर, काव्यमय नावाला त्या घरात उपयोग नाही. तिथे क्रमांक पुरतो. महाराष्ट्रात तेव्हा वेगळी रीत होती. लग्नात वधूचे नाव बदलत. रमाबाई रानडे आणि डॉ. आनंदीबाई जोशी या दोघींचेही माहेरचे नाव यमुना होते. बंगालमधील सुनेचे नाव नात्याखाली झाकले जाई, मराठी घरात ते पुसून नवे लिहिले जाई. म्हणून एखाद्या कुळकथेत जन्मनावे अचूक असूनही, सासरच्या संवादांत सून सतत नावाने पुकारली जात असेल, तर काळ चुकला असे समजावे.

या पार्श्वभूमीवर बकुलची निवड पाहा. त्रयीत स्वतःचे नाव स्वतः ठेवणारी हीच एक नायिका. आणि लेखिका म्हणून ती घेते ते नाव आहे ‘अनामिका देवी’. अनामिका म्हणजे जिला नाव नाही ती. आजीचे नाव देवाधर्माच्या काळाने ठेवले, आईचे काव्याच्या काळाने, तिचे स्वतःचे बहिणींच्या रांगेने. जेव्हा निवडण्याची पाळी तिची आली, तेव्हा तिने कोणतीच फॅशन घेतली नाही. त्रयीच्या सुरुवातीलाच आपल्याला सांगितले जाते की सत्यवतीची कथा बकुलच्या वहीतून आली आहे. म्हणजे जिची ओळख ‘मधली सून’ एवढीच उरली होती तिचे, आणि तिच्याही आईचे नाव पुढे आणणारी व्यक्ती स्वतः निनावी राहते. हा अर्थ बकुलच्या नावाचा इतिहास माहीत असल्याशिवाय हाती लागत नाही.

स्वाध्याय

तुमच्या भाषेतील एक कुळकथा निवडा. प्रत्येक पिढीतील मुख्य आणि गौण पात्रांची नावे दोन स्तंभांत मांडा. लांबी, शेवट आणि साठा या तीन अंगांनी ती तपासा. जे मुख्य नाव गौण नावांत मिसळून जाते ते प्रथेचे माना. जे मिसळत नाही, किंवा ज्याच्या अर्थाची पुनरावृत्ती होते, त्याच्याजवळ थांबा आणि ते नाव कोण उच्चारते, हे शोधा.